घराकडचा बोगदा

सांगलीच्या गावभागातलं आमचं घर पावसाळ्यात अधूनमधून रिकामं असतं. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की आई-बाबा पिशव्या भरून विश्रामबागला आत्याकडे जातात. ४५ फुटांच्या धोका पातळीची वाट बघायची हिंमत २०१९ नंतर आमच्या गल्लीत फारशी कुणात उरलेली नाही. मी नोकरीला साताऱ्यात. घरी दारात, जिन्यात आणि गच्चीवर कॅमेरे आहेत, त्यांचा रेकॉर्डर माळ्यावर आहे आणि शेजारीच जुन्या फोटोंनी भरलेली हार्डडिस्क नेटवर्कला जोडलेली आहे. पाणी जिन्याच्या कुठल्या पायरीला लागलंय हे साताऱ्यात बसून फोनवर दिसावं, एवढीच आमची मागणी.

कॅमेरे बसवणाऱ्यानं आपल्या पद्धतीनं ती पुरी केली होती. राउटरमध्ये एक पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं एक दार, उघडून त्यानं रेकॉर्डरचं लॉगिन पान थेट इंटरनेटवर ठेवलं होतं. काम चालायचं. पण असं उघडं पान जगातल्या कुणालाही दिसतं, आणि दिवसरात्र पोर्ट चाचपत फिरणारे प्रोग्राम ते लवकरच शोधून काढतात. २०१६ साली मिराई नावाच्या, आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामनं असेच कॅमेरे आणि रेकॉर्डर कारखान्यातल्या मूळ पासवर्डांच्या जोरावर ताब्यात घेतले होते. आमचा रेकॉर्डर त्याच वंशातला, आणि त्याचा निर्माता सॉफ्टवेअरचा अपडेट कधी देईल अशी आशा मी केव्हाच सोडली आहे. तेव्हा ते पोर्ट बंद केलं आणि माळ्यावर रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक ठेवून त्यावर वायरगार्ड बसवलं. फोन आणि घर यांच्यामध्ये इंटरनेटमधून कुलूपबंद बोगदा काढणारा हा प्रोग्राम आहे. त्या छोट्या संगणकाला पुढे नुसतं पाय म्हणतो.

वायरगार्ड ही जेसन डोननफेल्ड यांची निर्मिती. २०२० च्या मार्चमध्ये पाय ज्यावर चालतो त्या लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलच्या ५.६ आवृत्तीत, ते मुळातच सामील झालं, त्यामुळे पायवर `sudo apt install wireguard` एवढं म्हटलं की भागतं. फोनसाठी त्यांचंच मोफत अ‍ॅप आहे. बसवणं सोपंच आहे. लोक अडकतात ते दोन गोष्टींत: किल्ल्या, आणि `AllowedIPs` नावाची एक ओळ. पैकी दुसरीत जास्त, कारण तिचं नाव वाचून जो अर्थ वाटतो तो निम्माच खरा असतो.

बाबांनी मी टाइप करत असताना मागून डोकावून विचारलं, "अरे, पण ह्यात पासवर्ड कुठं टाकायचा?"

"पासवर्ड नाहीच बाबा ह्यात."

"मग कुणीबी शिरंल की!"

प्रश्न रास्त होता. वायरगार्डमध्ये नाव नाही, पासवर्ड नाही, लॉगिन करायला पान नाही. प्रत्येक उपकरणाला किल्ल्यांची एक जोडी असते. खासगी किल्ली म्हणजे उपकरणानं स्वतः मनानं धरलेला एक प्रचंड मोठा आकडा. त्या आकड्यावर गणित करून सार्वजनिक किल्ली निघते. हे गणित एकाच दिशेनं सोपं आहे: खासगीवरून सार्वजनिक क्षणात निघते, सार्वजनिकवरून खासगी शोधायला आजचे सगळे संगणक मिळूनही आयुष्य पुरणार नाही. म्हणून सार्वजनिक किल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, भिंतीवर लिहिली तरी चालते. खासगी किल्ली मात्र ज्या उपकरणात जन्मली तिथून हलायची नाही.

बाबा बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना आकडे दाखवल्याशिवाय पटत नाही. कागदावर छोटं उदाहरण केलं. दोघांनी आधी उघडपणे ठरवायचं: पाया ५, आणि प्रत्येक उत्तराला २३ नं भागून फक्त बाकी ठेवायची. फोननं मनात ३ धरला. ५ चा ३ रा घात १२५, बाकी १०. ही १० झाली फोनची सार्वजनिक किल्ली. पायनं मनात ७ धरला. ५ चा ७ वा घात ७८,१२५, बाकी १७. ही पायची सार्वजनिक. आता दोघांनी १० आणि १७ एकमेकांना ओरडून सांगितले, गल्लीनं ऐकले. फोननं १७ घेतले आणि त्यांचा आपल्या गुपिताएवढा, म्हणजे ३ रा घात केला: ४,९१३, बाकी १४. पायनं १० घेतले आणि त्यांचा आपल्या गुपिताएवढा, म्हणजे ७ वा घात केला: एक कोटी, बाकी १४. दोघांकडे १४ आले आणि १४ हा आकडा तारेवरून गेलाच नाही. गल्लीला १० ठाऊक, १७ ठाऊक, पण ३ किंवा ७ ठाऊक असल्याशिवाय १४ काढता येत नाही.

"तेवीसच बाक्या हायत, मी रात्री बसून काढीन," बाबा म्हणाले. तेही खरं. इथं आकडे खेळण्यातले आहेत. वायरगार्ड घातांऐवजी कर्व्ह२५५१९ नावाच्या वक्रावरचे बिंदू वापरतं आणि किल्ली २५६ बिटांची असते, पण गणिताचा घाट हाच. पडद्यावर ती ४४ अक्षरांची दिसते आणि शेवटचं अक्षर नेहमी `=` असतं. कॉपी करताना तेच `=` सुटतं, हे जाता जाता सांगून ठेवतो.

ह्या कायमच्या जोड्या मुख्यतः ओळख पटवण्यासाठी असतात. प्रत्यक्ष मजकूर ज्या किल्लीनं कुलूपबंद होतो ती दर भेटीला ताजी बनते, आणि वापर चालू असेल तर साधारण दोन मिनिटांनी बदलते. त्यामुळे उद्या कुणी पायची खासगी किल्ली चोरली तरी आज टिपून ठेवलेली वाहतूक त्याला उलगडता येत नाही.

पायवर जोडी अशी केली:

```
umask 077
wg genkey | tee pi.key | wg pubkey > pi.pub
```

पहिली ओळ फाइल दुसऱ्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून. फोनची जोडी फोनच्या अ‍ॅपमध्येच तयार केली. नवा बोगदा हातानं भरायचा पर्याय घेतला की ते बटण तिथंच असतं. बरेच जण फोनचीही जोडी पायवर बनवतात, क्यूआर कोड काढतात आणि फोननं तो टिपतात. सोय आहे, पण मग फोनची खासगी किल्ली पायच्या डिस्कवरही राहते, आणि कुणी त्या क्यूआरचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला तर ती तिथंही जाते. मला हा प्रकार आवडत नाही. ४४ अक्षरांची सार्वजनिक किल्ली फोनवरून स्वतःलाच मेसेज करून पायवर चिकटवायला कितीसा वेळ लागतो?

किल्ल्यांनंतर पत्ते. त्याआधी एक काम आवर्जून केलं: घरच्या नेटवर्कचा पत्ता बदलला. राउटर कारखान्यातून येतो तो बहुधा `192.168.1.0/24` किंवा `192.168.0.0/24` घेऊन; `/24` म्हणजे पहिले तीन आकडे सारखे असलेले सगळे पत्ते. साताऱ्यातल्या माझ्या खोलीवरचा वायफायही `192.168.1.0/24` च होता. फोननं `192.168.1.50` मागितला तर कुठला, समोरच्या खोलीतला की सांगलीच्या माळ्यावरचा? कुठला जिंकेल ते फोनगणिक बदलतं, आणि अशी पैज कशाला लावायची? म्हणून घराला `192.168.47.0/24` दिलं. राउटर `.1`, पाय `.10`, रेकॉर्डर `.50`. बोगद्याच्या आतल्या पत्त्यांसाठी `10.47.0.0/24` घेतलं: पाय `10.47.0.1`, माझा फोन `10.47.0.2`.

पायवरची `/etc/wireguard/wg0.conf` फाइल, किल्ल्या गाळून:

```
[Interface]
PrivateKey = ...
Address = 10.47.0.1/24
ListenPort = 51820

[Peer]
PublicKey = ...
AllowedIPs = 10.47.0.2/32
```

आणि फोनवर:

```
[Interface]
PrivateKey = ...
Address = 10.47.0.2/32

[Peer]
PublicKey = ...
Endpoint = 203.0.113.25:51820
AllowedIPs = 10.47.0.0/24, 192.168.47.0/24
```

प्रत्येकानं वर आपली खासगी किल्ली ठेवली आहे आणि खाली दुसऱ्याची सार्वजनिक. `Endpoint` मधला पत्ता इथं नमुन्याचा आहे. तिथं घराचा इंटरनेटवरचा पत्ता येतो. राउटरमध्ये यूडीपी ह्या पाठवण्याच्या पद्धतीचं ५१८२० हे पोर्ट `192.168.47.10` कडे वळवलं. पायच्या बाजूला फोनचा `Endpoint` लिहिलेला नाही, कारण फोन आज कराडच्या स्टँडवर आणि उद्या खोलीच्या वायफायवर. शेवटचं अस्सल पाकीट, म्हणजे मजकुराचा छोटा गठ्ठा, जिथून आलं तोच फोनचा पत्ता, असं पाय मानतो आणि आपल्याकडची नोंद बदलत राहतो. गाडीत असताना टॉवर बदलले, वायफाय सुटून मोबाइल डेटा लागला, तरी बोगदा पुन्हा जोडावा लागत नाही.

आता दोन्हीकडच्या `AllowedIPs` ओळी शेजारी ठेवून बघा. एकीकडे एकच पत्ता आहे, दुसरीकडे अख्खी दोन नेटवर्कं. कुणाला आत घ्यायचं त्याची यादी, असा अर्थ घेतला तर हा फरक समजत नाही. मी असं वाचतो: ह्या किल्लीच्या पलीकडे कोणकोणते पत्ते राहतात? पायच्या दृष्टीनं फोनच्या किल्लीपलीकडे एकटा फोन आहे, म्हणून `10.47.0.2/32`; `/32` म्हणजे नेमका तोच एक. फोनच्या दृष्टीनं पायच्या किल्लीपलीकडे पाय आहे आणि पायच्या पाठीमागे सगळं घर. म्हणून तिथं घरचं नेटवर्क.

ही ओळ जाताना एक काम करते आणि येताना दुसरं. ते नीट दिसायचं तर एका पाकिटाच्या मागं चालावं लागतं.

साताऱ्यात मी कॅमेऱ्याचं अ‍ॅप उघडलं. त्याला `192.168.47.50` हवाय. फोन यादी बघतो: हा पत्ता `192.168.47.0/24` मध्ये बसतो, म्हणजे बोगद्यात टाकायचा. वायरगार्ड विचारतो, हा पत्ता कुणाच्या किल्लीपलीकडे? पायच्या. मग त्या किल्लीशी ठरलेल्या ताज्या गुपितानं पाकीट बंद होतं आणि यूडीपीच्या वेष्टनात घराच्या पत्त्यावर निघतं. जाताना यादीनं वाट दाखवली. त्याच वेळी फोनवर वर्तमानपत्राचं पान उघडलं तर तो पत्ता यादीत नाही, म्हणून ते नेहमीच्या मोबाइल डेटावरून सरळ जातं, घराकडे फिरकत नाही.

पाकीट राउटरमधून पायपर्यंत पोचलं. पायनं ते फोनशी ठरलेल्या त्याच गुपितानं उघडलं. उघडलं याचा अर्थच असा की ते फोननंच बंद केलं होतं. पण पाय तेवढ्यावर थांबत नाही. आतल्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता काय लिहिलाय तो बघतो: `10.47.0.2`. फोनच्या नावापुढच्या यादीत तो आहे का? आहे, मग पुढे. समजा त्यावर `192.168.47.10` असं लिहिलं असतं, म्हणजे फोन स्वतःला पाय म्हणवून घेत असता, तर किल्ली बरोबर असूनही ते पाकीट जागीच केराच्या टोपलीत गेलं असतं. येताना यादी झडती घेते. किल्ली आणि पत्ता एकमेकांना असे बांधलेले असल्यामुळे बोगद्यातून `10.47.0.2` कडून काही आलं तर ते माझ्याच फोनचं, ह्यावर डोळे मिटून विसंबता येतं. पायच्या फायरवॉलमध्ये फक्त पत्त्यावरून नियम लिहिले तरी चालतात ते ह्याच कारणानं.

ह्या ओळीचा अर्थ न कळता दोन्हीकडे तोच मजकूर डकवला तर काय होतं ते साताऱ्यातल्या एका मित्राकडे बघायला मिळालं. त्यानं पायवरही फोनच्या नावापुढे घरचं `/24` लिहिलं होतं. बोगदा सुरू करणारा `wg-quick` हा प्रोग्राम ही ओळ वाचून आपणहून रस्तेही आखतो. त्यानं इमानदारीनं रस्ता आखला: घरचं सगळं नेटवर्क फोनच्या पलीकडे आहे. झालं, पाय घरातल्या राउटरलाच बोगद्यात शोधायला लागला, आणि मित्राची एसएसएचची, म्हणजे पायला दुरून आज्ञा द्यायची खिडकी एंटर दाबताक्षणी गोठली. पाय बंद करून चालू केला तरी तेच, कारण सेवा बूटलाच सुरू व्हायची लावलेली. शेवटी टीव्हीला जोडून, कीबोर्ड लावून ती ओळ `/32` करावी लागली.

आमचं पाकीट मात्र पायपर्यंत सुखरूप आलंय, पण पायला ते रेकॉर्डरकडे द्यायचंय, आणि लिनक्स परक्यांची पाकिटं आपणहून पुढे ढकलत नाही. त्यासाठी `/etc/sysctl.d/` मधल्या एका `.conf` फाइलीत `net.ipv4.ip_forward=1` लिहून `sudo sysctl --system` चालवावं लागतं. एवढं केलं की रेकॉर्डरला पाकीट मिळतं. आणि इथंच बहुतेकांचा दिवस जातो, कारण उत्तर परत येत नाही. रेकॉर्डरला दिसतं की `10.47.0.2` कडून मागणी आली. हा पत्ता आपल्या आळीतला नाही, म्हणून तो उत्तर राउटरकडे देतो. राउटरनं `10.47` हे नावही ऐकलेलं नसतं. तो उत्तर बाहेर इंटरनेटच्या दिशेनं भिरकावतो आणि तिथं ते मरतं.

लक्षण अगदी ठरलेलं आहे: फोनवरून `10.47.0.1` उघडतो, `192.168.47.10` सुद्धा उघडतो, पण `.50` उघडत नाही. पायचे दोन्ही पत्ते लागतात म्हणजे बोगदा ठणठणीत आहे, किल्ल्यांना हात लावू नका. परतीची वाट नाही एवढंच. दोन उपाय आहेत. राउटरला सांगायचं की `10.47.0.0/24` साठी `192.168.47.10` ला विचार. हा स्वच्छ मार्ग, पण कंपनीनं दिलेल्या कित्येक राउटरांत ती सोय नसते, आणि असली तरी काही राउटर अर्धंच संभाषण आपल्यासमोरून गेलेलं बघून संशयानं ते अडवतात. मी दुसरा धरला: पायनं बोगद्यातून आलेल्या पाकिटावर स्वतःचा पत्ता घालून ते पुढे द्यायचं. `[Interface]` खाली दोन ओळी वाढल्या:

```
PostUp = iptables -t nat -A POSTROUTING -s 10.47.0.0/24 -o eth0 -j MASQUERADE
PostDown = iptables -t nat -D POSTROUTING -s 10.47.0.0/24 -o eth0 -j MASQUERADE
```

पायवर `iptables` नसेल तर आधी `sudo apt install iptables` करायचं. `eth0` हे पायच्या तारेच्या जोडणीचं नाव. वायफायवर असेल तर `wlan0`. आता रेकॉर्डरला वाटतं की शेजारचा पायच विचारतोय, आणि तो उत्तर त्यालाच देतो. पाय ते `10.47.0.2` कडे वळवतो, यादीत बघून माझ्या फोनशी ठरलेल्या गुपितानं बंद करतो आणि पाठवतो. फोन उघडतो, आतल्या पाकिटावर पाठवणारा `192.168.47.50` दिसतो, पायच्या नावापुढे ते नेटवर्क आहे म्हणून स्वीकारतो. जिन्याची पायरी पडद्यावर. ह्या उपायाची किंमत एवढीच की रेकॉर्डरच्या नोंदीत सगळे जण `192.168.47.10` म्हणून दिसतात. कुणी बघितलं ते तिथून कळत नाही.

सुरुवात करायला पायवर `sudo systemctl enable --now wg-quick@wg0`, आणि फोनवर बटण सरकवायचं. मग काहीच झालं नाही तर? वायरगार्डचा स्वभाव घुम्या आहे. किल्ली चुकली तर चुकली म्हणून सांगत नाही, नकारही देत नाही. ओळख न पटलेल्या पाकिटाला तो उत्तरच देत नाही, आणि पोर्ट चाचपत फिरणाऱ्यांना तिथं काही आहे हे कळत नाही ते त्यामुळेच. पण आपली चूक असली तरी आपल्यालाही हीच वागणूक मिळते. फोनच्या अ‍ॅपमध्ये पाठवलेले बाइट वाढत जातात, आलेले शून्यावर राहतात, आणि लॉगमध्ये `Handshake did not complete after 5 seconds, retrying` हे वाक्य परत परत उमटतं. ते वाक्य दहा वेळा वाचून काही उपयोग नाही. पायवर हे चालवायचं आणि फोनचा वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून बटण सरकवायचं:

```
sudo tcpdump -ni eth0 udp port 51820
```

पडद्यावर काहीच हललं नाही तर पाकीट घरापर्यंत आलेलंच नाही. दोष पोर्ट वळवण्यात, `Endpoint` मध्ये किंवा इंटरनेट देणाऱ्याकडे. `length 148` असलेली ओळ आली आणि ती दर पाच-सहा सेकंदांनी एकटीच येत राहिली, तर पाकीट पोचलंय पण पायनं ओळख दिलेली नाही. मग दोन्हीकडच्या सार्वजनिक किल्ल्या एकेक अक्षर ताडून बघा. बहुतेक वेळा कुणीतरी दुसऱ्याच्या जागी स्वतःचीच चिकटवलेली असते. आणि १४८ च्या पाठोपाठ उलट दिशेला `length 92` दिसली, फोनवरचे आलेले बाइटही हलले, तर हस्तांदोलन झालं आणि किल्ल्यांचा विषय मिटला. १४८ ही पहिल्या हाकेची ठरलेली लांबी आहे, ९२ ही ओ देण्याची. राउटर, कंपनी, फोन काहीही असो, हे दोन आकडे बदलत नाहीत.

आमच्याकडे पहिल्या प्रकारची शांतता होती. राउटरच्या पानावर त्याला बाहेरून मिळालेला पत्ता `100.` नं सुरू होत होता. `100.64` पासून `100.127` पर्यंतचे पत्ते इंटरनेट पुरवणारे अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवण्यासाठी वापरतात. अशा घराला बाहेरून हाक मारता येत नाही, मग आपल्या राउटरमध्ये कितीही पोर्ट वळवा. पुरवठादाराला वरचे पैसे देऊन कायमचा पत्ता घेतला आणि प्रश्न संपला. जिथं तो मिळत नाही तिथं घराला आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा लांब पत्ता, आहे का बघावं. तेही नसेल तर बाहेर एक छोटा सर्व्हर भाड्यानं घ्यायचा, आणि घरचा पाय व फोन दोघांनीही त्यालाच हाक मारायची. तेव्हा पायवर `PersistentKeepalive = 25` लागतं, म्हणजे दर २५ सेकंदांनी रिकामं पाकीट जातं आणि मधल्या राउटरांना वाट लक्षात राहते. आमच्या मांडणीत हाक नेहमी फोनच मारतो, त्यामुळे त्याची गरज नाही. उगाच बॅटरी खाते. भाड्याच्या सर्व्हरवर यादी कशी होईल ते आता तुम्हीच सांगू शकाल: फोनपुढे `10.47.0.2/32`, आणि पायपुढे `10.47.0.1/32, 192.168.47.0/24`, कारण आता घर पायच्या किल्लीपलीकडे आहे.

फोनवर `AllowedIPs = 0.0.0.0/0` लिहा असा सल्ला सर्रास मिळतो. त्याचा अर्थ जगातले सगळे आयपीव्ही४ पत्ते पायपलीकडे आहेत. मग व्हिडिओ, नकाशा, पैसे भरणं, सगळं आधी सांगलीला जाणार आणि तिथून जगात. हॉटेलच्या वायफायवर भरवसा नसेल तेव्हा ते ठीक, आणि त्यासाठी मी अ‍ॅपमध्ये दुसऱ्या नावानं तशी वेगळी नोंद ठेवली आहे. एरवी नको. पावसात घरची लाईट गेली की पाय बंद, आणि साताऱ्यात हातात चांगलं नेटवर्क असलेल्या फोनवर साधा मेसेजही जाणार नाही. छोटी यादी असली तर लाईट गेल्यावर फक्त घर दिसायचं थांबतं. पूर वाढल्यावर लाईट तोडतात, तेव्हा इन्व्हर्टर टिकेल तोवरच आमचा जिना दिसतो. त्याला वायरगार्डकडे इलाज नाही.

पुढे आत्याच्या मुलालाही बघायचं होतं. "दादा, तुझीच फाइल पाठव की," म्हणाला. ती पाठवायची नसते. एकच खासगी किल्ली दोन फोनांत गेली की पायच्या लेखी तो एकच फोन, आणि शेवटचं पाकीट ज्याचं आलं त्याच्याकडे सगळी उत्तरं. दोघांचं चित्र आळीपाळीनं अडकत राहतं. `sudo wg show` परत परत चालवलं तर एकाच किल्लीपुढचा `endpoint` इकडून तिकडे उड्या मारताना दिसतो. त्यानं आपल्या फोनवर स्वतःची जोडी केली, मला सार्वजनिक किल्ली पाठवली, मी नवा `[Peer]` लिहून त्याला `10.47.0.3/32` दिला. इथं वरचा तुकडा कॉपी करून पत्ता बदलायचा राहिला तरी भांडण होतं, पण वेगळं: एक पत्ता एकाच किल्लीपलीकडे असू शकतो, त्यामुळे नंतर लिहिलेला तो घेऊन टाकतो आणि पहिल्याच्या नावापुढे `allowed ips: (none)` उरतं. त्याचं हस्तांदोलन होत राहतं, आणि नंतरचं प्रत्येक पाकीट झडतीत अडकतं.

वेगवेगळ्या जोड्यांचा फायदा त्याचा फोन मिरज स्टेशनवर गेला तेव्हा झाला. कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलणं नाही, बाकीच्यांना नवीन काही कळवणं नाही. साताऱ्यातूनच पायवर शिरून एक ओळ:

```
sudo wg set wg0 peer <त्याची सार्वजनिक किल्ली> remove
```

त्या क्षणापासून तो फोन पायला अनोळखी झाला. ही आज्ञा फक्त चालू बोगद्यावर लागू होते, म्हणून `wg0.conf` मधला त्याचा तुकडाही काढायचा. नाहीतर पुढच्या वेळी लाईट जाऊन आली आणि पाय नव्यानं उठला की फाइल वाचून तो चोराला पुन्हा ओळख देईल.